सहा वर्षं गप्प राहिलेली ओळख

समजा, छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजच्या एका औषध कारखान्यात तुम्ही आठ वर्षं क्वालिटी कंट्रोलला होता. गोळ्यांचे नमुने घ्यायचे, एचपीएलसीवर चालवायचे, पडद्यावर उमटणाऱ्या शिखरांवरून औषधात नेमकं काय आणि किती आहे ते सांगायचं. नवरा बँकेत. त्याची बदली झाली थेट चंदीगडला. सामान लागलं, मुलाची शाळा सुरू झाली, आणि आता तुम्हाला परत कामावर जायचं आहे.

शोधायला फार लांब जावं लागणार नाही. तास-दीड तासाच्या रस्त्यावर, हिमाचलच्या हद्दीत बद्दी आहे. २००३ साली केंद्राने हिमाचलला औद्योगिक सवलती दिल्या, उत्पादन शुल्काची माफी मिळाली, आणि पुढच्या काही वर्षांत देशभरच्या औषध कंपन्यांनी तिथे कारखान्यांची रांग लावली. आज हा आशियातल्या सर्वांत मोठ्या औषधपट्ट्यांपैकी एक मानला जातो. तिथे काम करणारे कितीतरी लोक राहतात चंदीगड, पंचकुला नाहीतर झिरकपूरला आणि सकाळी गाडी पकडून बद्दीला जातात. म्हणजे तुमचंच काम, तुमचीच यंत्रं, तुमच्याच पद्धतीची रजिस्टरं, आणि ओळखीचं मात्र कुणी नाही.

खरंच कुणी नाही? वाळूजला तुमच्या विभागात एक सीनियर होते. सहा वर्षांपूर्वी ते बद्दीला गेले. निरोपाचा केक कापला, ‘टच में रहेंगे’ झालं, दोन दिवाळ्यांना शुभेच्छा गेल्या आणि मग काहीच नाही. नंबर अजून तुमच्या फोनमध्ये आहे. पण अंगठा त्या नावाजवळ येतो आणि थांबतो. सहा वर्षांत एकदाही विचारपूस केली नाही, आता नोकरी हवी तेव्हा आठवण झाली? कामापुरता मामा!

थांबा जरा. त्या एका नावात काय काय साठलं आहे हे कळलं तर तुम्ही थक्क व्हाल.

१९७०च्या सुमारास मार्क ग्रॅनोव्हेटर नावाचा तरुण समाजशास्त्रज्ञ अमेरिकेत बोस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरात एक साधा प्रश्न विचारत फिरत होता: तुम्हाला आत्ताची नोकरी कशी मिळाली? निम्म्याहून अधिक लोकांना ती ओळखीतून मिळाली होती. यात नवल काहीच नाही. नवल पुढे आहे. त्याने विचारलं, ज्याने खबर दिली तो माणूस त्या काळात तुम्हाला किती वेळा भेटत असे? आपला अंदाज काय असेल? जिवलग मित्र, सख्खा भाऊ, रोज चहाला बरोबर असणारा सहकारी. प्रत्यक्षात आठवड्यातून दोनदा किंवा त्याहून जास्त भेटणारे निघाले शंभरात जेमतेम १७. अधूनमधून भेटणारे ५५च्या वर. आणि वर्षातून एकदा किंवा तेवढंही न भेटणारे २८! जुना सहकारी, जुना साहेब, कॉलेजातला कुणी, जो आता आठवणीतही फारसा नव्हता, त्याच्याकडून आयुष्य बदलणारी खबर आली होती. १९७३ साली त्याचा लेख प्रसिद्ध झाला आणि समाजशास्त्रात आजवर सर्वाधिक उद्धृत झालेल्या लेखांमध्ये त्याची गणना होते.

असं का व्हावं? जवळची माणसं तर तुमच्यासाठी जास्त धडपडतात. याचं उत्तर तुम्ही चंदीगडमध्ये राहायला आला असाल तर पायाखालीच आहे. ल कॉर्बुझिएने १९५१ मध्ये या शहराची आखणी केली तेव्हा त्याने ते सेक्टरांमध्ये कापलं. एक सेक्टर साधारण ८०० मीटर बाय १,२०० मीटर. बाहेरून वेगवान रस्ता जातो, पण घरांची तोंडं त्या रस्त्याकडे नाहीत, आत आहेत. दुकानं आत, शाळा आत, बाग आत. सेक्टर स्वतःपुरता पुरा. आपल्या जवळच्या माणसांचं वर्तुळ हुबेहूब असंच असतं. तुमची मैत्रीण तुमच्या दुसऱ्या मैत्रिणीला ओळखते, ती तिसरीला, आणि चौघींना एकच बातमी आठवडाभरात चार तोंडांनी ऐकू येते. त्यांची माया खोटी नाही, पण त्यांच्याजवळ जी माहिती आहे ती तुमच्याजवळही आहे. दुसऱ्या सेक्टरात काय चाललंय हे कळायचं तर कुणीतरी तो मोठा रस्ता ओलांडून पलीकडे गेलेलं असावं लागतं.

आणि तुमचे सर नेमके पलीकडे गेले आहेत. सहा वर्षं ते तिथे आहेत. कुठल्या कारखान्यात नवी इंजेक्शनची लाईन बसतेय, कुठे परदेशी ऑडिट यायचं आहे म्हणून माणसं शोधताहेत, कुठल्या प्रयोगशाळेतले दोन अॅनालिस्ट नोटीस पिरियडवर आहेत, हे सगळं त्यांच्या कानावर चहाच्या टपरीवर पडतं. जाहिरात यायच्या कितीतरी आधी! तुम्ही ज्या सहा वर्षांच्या शांततेला लाजता आहात, त्याच सहा वर्षांत त्यांनी ती माहिती गोळा केली. तुम्ही रोज बोलत असता तर यातलं बरंचसं तुम्हाला आधीच ठाऊक असतं.

पण मग कुणीही अनोळखी बद्दीकर चालला असता की! नाही, आणि इथे दुसरं नवल आहे. डॅनियल लेव्हिन, जॉर्ज वॉल्टर आणि कीथ मर्निघन या तीन संशोधकांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नोकरी करता करता एमबीए शिकणाऱ्या अधिकाऱ्यांना त्यांनी सांगितलं: तीन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ ज्यांच्याशी बोलला नाहीत अशा दोन जुन्या ओळखी शोधा, आणि सध्याच्या एखाद्या कामाबद्दल त्यांचा सल्ला घ्या. अधिकारी कुरकुरले. पण सल्ले हातात पडल्यावर त्यांनी स्वतःच जी मोजदाद केली तीत जुन्या ओळखींचे सल्ले रोजच्या सहकाऱ्यांच्या सल्ल्यांइतकेच, किंबहुना जास्त उपयोगी ठरले. त्यातही जे कधीकाळी खरंच जवळचे होते ते सर्वांत कामाचे, कारण त्यांच्याकडे माहिती नवी होती आणि विश्वास मात्र जुनाच शिल्लक होता. बोलणं बंद पडलं म्हणजे विश्वास आटतो असं आपण धरून चालतो. तो आटला नव्हता. बोलणं सुरू झालं तसा परत वर आला.

सरांनी तुम्हाला काम करताना पाहिलं आहे. ऑडिटच्या आदल्या रात्री तुम्ही पळून गेला नाहीत हे त्यांना ठाऊक आहे. नोकरीच्या बाजारात यापेक्षा मोलाची गोष्ट क्वचितच असते, आणि ती कुठल्याही बायोडेटात लिहिता येत नाही.

तरी अंगठा थांबतोच. का? याचाही शोध घेतला गेला आहे. लारा अकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम यांनी २०२४ मध्ये दाखवलं की, जुन्या मित्राशी बोलायची इच्छा आहे, त्याला आवडेल याची खात्री आहे, नंबर आहे, निरोप लिहायला वेळही दिला आहे, इतकं सगळं जुळून आल्यावरही एक तृतीयांशाहून कमी लोकांनी तो निरोप पाठवला. समजावून सांगण्याचा फारसा उपयोग झाला नाही. उपयोग कशाचा झाला? आधी काही मिनिटं हल्लीच्या, नेहमीच्या मित्रांना साधे निरोप पाठवायला लावले, आणि मग जुन्या मित्राकडे वळायला सांगितलं. तेवढ्याने पाठवणारे निम्म्यावर गेले! म्हणून सरांना लिहिण्याआधी बहिणीला लिहा, शेजारणीला लिहा, वाळूजच्या मैत्रिणीला लिहा. हात मोकळा होतो.

आता मूळ भीतीकडे येऊ. समोरच्याला वाटेल, गरज पडली म्हणून आली. माझ्या मते ही भीती चुकीच्या जागी बसली आहे. गरज असणं कुणाला खटकत नाही. नोकरी बदलणं, गाव बदलणं प्रत्येकाने पाहिलेलं असतं. खटकतं ते गरज लपवणं. ‘हाय सर, कसे आहात? बऱ्याच दिवसांनी आठवण आली’ असा निरोप सोमवारी येतो. सर खुशीने चार ओळी लिहितात, मुलीच्या बारावीचं सांगतात. आणि गुरुवारी येतं, ‘सर, तुमच्याकडे काही व्हेकन्सी आहे का?’ त्या क्षणी सोमवारची सगळी चौकशी मागे जाऊन खोटी ठरते. सरांना वाटतं, आपल्याला बोलतं केलं गेलं. तेव्हा कारण पहिल्याच निरोपात सांगा. त्याच्या शेजारी ठेवलेली आठवण खरी असली की ती खरीच वाटते.

दुसरी एक गंमत पाहा. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक यांनी २००८ मध्ये काही लोकांना अनोळखी माणसांकडून पाच प्रश्नावल्या भरून आणायला सांगितल्या. किती जणांना विचारावं लागेल, असा अंदाज आधी घेतला. लोक म्हणाले, सुमारे २०. प्रत्यक्षात सुमारे १० जणांत काम झालं. आपण मदत मागताना समोरच्याला किती त्रास पडेल तेवढंच मोजतो. पण तोंडावर ‘नाही’ म्हणणं समोरच्याला किती जड जातं, हे आपल्या हिशेबात येतच नाही.

यातून एक नाजूक गोष्ट निघते. ‘नाही’ म्हणणं एवढं जड असेल तर तुमची विनंती त्याच्यावर ओझं होऊ शकते, तुम्हाला न कळता. कामापुरता मामा केल्याची भावना इथूनच येते, असं मला वाटतं: आपल्याला वापरलं यापेक्षाही, आपल्याला अडकवलं ही भावना. म्हणून निरोप असा हवा की, ‘नाही’ म्हणायची वेळच त्याच्यावर येऊ नये.

‘तुमच्याकडे जागा आहे का?’ हा प्रश्न म्हणूनच वाईट. त्याला दोनच उत्तरं. आणि बहुतेक वेळा खरं उत्तर ‘सध्या नाही’ असंच असतं, कारण एका दिवशी एका कारखान्यात नेमकी तुमची जागा रिकामी असण्याची शक्यता ती किती! उत्तर आलं की दार लागलं. सरांकडे बद्दीभरची माहिती होती आणि तुम्ही विचारलं फक्त एका खोलीबद्दल. त्याऐवजी असं काही विचारा ज्याचं उत्तर त्यांना पाच मिनिटांत, कुणाची परवानगी न घेता, गाडीत बसल्या बसल्या देता येईल.

उदाहरणार्थ हा निरोप:

‘सर, नमस्कार. वाळूजच्या क्यूसीतून. ऑडिटच्या आदल्या रात्री तुम्ही मला सांगितलं होतंत, हाताने इंटिग्रेशन केलं तर कारण त्याच क्षणी लिहायचं, सकाळवर ठेवायचं नाही. पुढे माझ्या हाताखालच्या प्रत्येक ट्रेनीला मी हेच शिकवलं. बरीच वर्षं बोलणं झालं नाही. यांची बदली झाली आणि जूनपासून आम्ही चंदीगडला आहोत. मी इकडे क्यूसी किंवा क्यूएमध्ये काम शोधते आहे, म्हणून तुमची आठवण झाली. एकच विचारायचं होतं: नव्या शेड्यूल एममुळे बद्दीतल्या लहान कारखान्यांना डॉक्युमेंटेशन जाणणारी माणसं हवी आहेत असं ऐकते, ते खरं आहे का? आणि चंदीगडहून रोज येणं-जाणं जमण्यासारखं आहे का? सवडीने दोन ओळी पाठवल्यात तरी खूप होईल. कामाच्या गडबडीत नाही जमलं तरी काही मनात आणू नका.’

यात काय घडलं ते पाहा. पहिल्या दोन ओळींत सरांना ते स्वतः भेटले, सहा वर्षांपूर्वीचे, शिकवणारे. त्यांनी दिलेलं काहीतरी अजून चालू आहे हे त्यांना कळलं. त्यांच्या गावीही नसेल. मोघम ‘तुमच्याकडून खूप शिकले’ यात हे होत नाही, कारण ते कुणालाही लिहिता येतं. हाताने केलेल्या इंटिग्रेशनचं वाक्य एकाच माणसाला लिहिता येतं. एचपीएलसीच्या आलेखातलं शिखर संगणकाऐवजी माणसाने मोजलं की, ऑडिटर पहिला संशय तिथेच घेतो, हे दोघांनाही ठाऊक आहे. दोघांची भाषा परत एक झाली.

मधल्या वर्षांवर एकच वाक्य खर्च झालं. तीन ओळी माफी मागितली असती तर ‘अहो, त्यात काय एवढं’ म्हणून समजूत काढायचं काम सरांवर पडलं असतं. शांतता दोघांनीही पाळली होती, त्यांनीही फोन केला नव्हताच. नोकरीचं उघड सांगितलं. प्रश्न मात्र बाजाराबद्दल विचारला, आणि तो अभ्यास करून विचारला: औषध कारखान्यांसाठीच्या शेड्यूल एमचे सुधारित नियम केंद्राने २०२३च्या अखेरीस अधिसूचित केले. ते लहान कारखान्यांनाही लागू आहेत, आणि त्यांत लेखी गुणवत्ता व्यवस्थेवर मोठा भर आहे. शेवटचं वाक्य म्हणजे उघडं ठेवलेलं दार. बायोडेटा जोडला नाही हेही महत्त्वाचं. तो जोडला की प्रश्न निमित्त ठरतो.

आता उत्तराची वाट. इथे उत्तराचा स्वर ओळखता यायला हवा. ‘सीव्ही भेज दो’ एवढंच आलं तर ते बहुधा सभ्यपणे संपवलेलं बोलणं आहे. सीव्ही पाठवा, आभार माना, तिथेच थांबा. उलट प्रश्न आला, ‘स्टॅबिलिटी पण केली आहेस ना?’, ‘इंजेक्शनच्या प्लँटला चालेल का?’, तर सर मनातल्या मनात तुम्हाला कुठेतरी बसवून पाहताहेत. काहीच आलं नाही तर दहा-बारा दिवसांनी एक छोटी ओळ, आणि त्यानंतर नाही. दुसऱ्यांदा आलेली शांतता हे उत्तरच असतं.

समजा सर म्हणाले, ‘आमच्याच ग्रुपच्या दुसऱ्या युनिटला घेताहेत, तुझं नाव देऊ का?’ मोह होईल, रात्रीच कंपनीच्या संकेतस्थळावर अर्ज भरून टाकण्याचा. भरू नका! बऱ्याच कंपन्यांत तुमची माहिती एकदा त्यांच्या यादीत शिरली की, पुढचे काही महिने कुणाची शिफारस तुमच्या नावाशी जोडली जात नाही. आधी सरांना विचारा: अर्ज तुम्ही आतून टाकणार की मी बाहेरून? मग जागेचा क्रमांक, तीन ओळींत तुमचं काम आणि बायोडेटा तासाभरात त्यांच्या हाती द्या, जसाच्या तसा पुढे ढकलता येईल असा. शिफारस करणारा आपलं नाव पणाला लावत असतो. तुम्ही तिथे नीट निघाला नाहीत तर बोलणी त्यांना बसणार आहेत.

प्रत्येक जुनी ओळख अशी जागी होत नाही, हेही सांगायला हवं. भांडून तुटलेली ओळख वर्षांनी बरी होत नाही. नावापुरती माहीत असलेली माणसं फार काही देत नाहीत: २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवर पाच वर्षं चाललेल्या प्रयोगांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यात नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी पडल्या त्या मध्यम सैल ओळखी. अतिजवळच्याही नाहीत आणि अगदीच विरळ तर नाहीतच. आणि ग्रॅनोव्हेटरने ज्यांना विचारलं ते सगळे पुरुष होते, शिकलेले, पांढरपेशे. घर-मुलांमुळे मध्ये खंड पडलेल्या बाईच्या फोनमध्ये असे नंबर मुळात कमी असतात. म्हणून जो आहे तो फुकट घालवायचा नाही.

मुलाखत झाली की त्याच संध्याकाळी सरांना कळवा. नोकरी मिळाली तर अर्थातच, पण नाही मिळाली तर नक्कीच. बहुतेक लोक चुकतात ते इथे. काम झालं नाही म्हणून लाजेने गप्प बसतात, आणि सरांना महिन्याभराने दुसऱ्याच कुणाकडून कळतं. माझ्या मते कामापुरता मामा कुणी होत असेल तर तो या गप्प बसण्याने होतो, विचारण्याने होत नाही.

आता शेवटचं नवल, ज्याकडे मागणाऱ्याचं लक्ष जवळजवळ कधीच जात नाही. रस्ता दोन्ही बाजूंनी चालतो. सर तुमच्यासाठी सहा वर्षं बद्दीत होते, तशा तुम्ही त्यांच्यासाठी सहा वर्षं वाळूजला होता. तिथला कुठला कारखाना कुणी विकत घेतला, कोण हुशार पोरगं वर आलं, कोण घरच्या अडचणीमुळे उत्तरेकडे यायला बघतंय, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. त्यांच्या विभागातही माणसं सोडून जातात, आणि जागा भरेपर्यंत नमुने साठत राहतात. तुमच्या निरोपाला उत्तर देता देता चौथ्या-पाचव्या ओळीला ते हमखास विचारतील: ‘तिकडचा एखादा चांगला मायक्रोबायोलॉजिस्ट माहीत आहे का गं, इकडे यायला तयार असलेला?’ तुमच्या डोक्यात दोन नावं लगेच येतील. नंबर देण्याआधी त्या दोघांना फोन करून विचारा.